उखाण्यात दडलेले नाव

स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहास तो काय लिहायचा! पण विषय उखाण्याचा निघाला आणि मला राहवले नाही. नाव घेणे आपण सगळ्याच जाणतो. मात्र नवऱ्याचे नाव सांगायला कविता का करावी लागली, ते सरळ का सांगता आले नाही, आणि उखाण्याची घडण अशी का झाली, याचा विचार करीत बसले की जुन्या घरांतले बरेच काही उलगडते. तेवढेच मांडते.

पूर्वी नाव घ्यायचेच नसे, हे मूळ. स्वतःचे नाव, गुरूचे नाव, अतिकंजूष माणसाचे नाव, थोरल्या अपत्याचे नाव आणि आपल्या जोडीदाराचे नाव कल्याण इच्छिणाऱ्याने उच्चारू नये, अशा अर्थाचा एक संस्कृत श्लोक आहे. नाव उच्चारले की त्या माणसाचे आयुष्य कमी होते, अशी समजूत होती. श्लोक नीट पाहिला तर तो पुरुषांनाही लागू आहे. पुरुषांनीही बायकोला ‘अगं, ऐकलंस का’ म्हणूनच दिवस काढले. पण त्यांचे कुठे अडत नसे. अडायचे ते बाईचे. दारी आलेल्या परक्या माणसाने ‘घर कोणाचे?’ विचारले की ती घरातल्या पोराला पुढे करी आणि पोर बापाचे नाव सांगे. एरवी मग ‘हे’, ‘इकडून’, ‘आमची स्वारी’, ‘घरधनी’, ‘कारभारी’, नाही तर ‘बाळूचे बाबा’. नाव सोडून सगळे.

आणि बंदी नवऱ्याच्या नावापुरती नव्हती. सासरे, सासूबाई, थोरले दीर, सगळ्यांची नावे वर्ज्य, आणि त्या नावांशी जुळणारे साधे शब्दही वर्ज्य. ज्या घरी सासऱ्यांचे नाव तुळशीराम, तिथली सून अंगणातल्या तुळशीला वृंदा म्हणे. नवऱ्याचे नाव दगडू असेल तर दगडाला धोंडा म्हणावे लागे. आज हसू येते, पण तोंडात आलेला शब्द गिळून दुसरा शोधायचा, आणि तोही पाट्यावर वाटण वाटता वाटता, हे काही सोपे काम नव्हे.

नाव चारचौघांत न सांगण्याची ही सवय किती खोल गेलेली होती, याचे एक मोठे उदाहरण आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे आहे. १९५१-५२ सालच्या त्या निवडणुकीसाठी याद्या करताना, मुख्यतः उत्तर व मध्य भारतातल्या, लाखो बायकांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून दिले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गाळावी लागली आणि त्या बायकांचे मत गेले. म्हणजे नावाची ही गोष्ट केवळ लाजेची आणि गमतीची नव्हती.

आता एवढी कडक बंदी असल्यावर तिला एखादी फट हवीच. आपल्याकडे ती फट म्हणजे उखाणा. वर्षभर जे नाव घ्यायचे नाही, ते लग्नात, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, बारशाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घ्यायचे. घ्यायचेच, सोडणार कोण! पण सरळ नव्हे, शब्दांत गुंडाळून. नाव घेतलेही आणि नाव नुसते तोंडातून पडलेही नाही, अशी ती दुहेरी सोय आहे.

उखाणा या शब्दातच ही गोष्ट आहे. उपाख्यान या संस्कृत शब्दापासून तो आला असे मानतात, आणि त्याचा एक जुना अर्थ कोडे. ‘उखाणा घालणे’ म्हणजे कोडे घालणे. शेजारच्या गुजरातीत ‘उखाणुं’ म्हणजे आजही कोडेच. खाली कर्नाटकात नवऱ्याचे नाव गुंफून म्हणायच्या ओळींना ‘ओडपु’ म्हणतात, आणि त्या शब्दाचाही कोड्याशी संबंध आहे. तेव्हा हे केवळ आपल्याच घरचे नाही. ज्याचे नाव सांगायचे नाही, त्याला कोड्यात घालायचे आणि शेवटी स्वतःच सोडवायचे, ही युक्ती दोन भाषांतल्या बायकांना सुचली.

कोड्याची ही ओळख लक्षात ठेवली म्हणजे उखाण्याची घडण चटकन कळते. कोड्याचे उत्तर आधी सांगून चालत नाही, तसे उखाण्यातले नाव आधी येऊन चालत नाही. पहिली ओळ कुठली तरी असते. घरातल्या एखाद्या वस्तूची, देवाची, सणाची. ऐकणाऱ्या बायका ओळखतात की नाव यायचे आहे, पण कोणत्या वळणावर येईल ते त्यांना कळू द्यायचे नाही. छापील आणि परंपरेतले उखाणे तुम्हांला माझ्याहून अधिक पाठ आहेत, म्हणून मी माझेच जुळविलेले नमुने देते. हसलात तरी हरकत नाही.

फाटकाची कडी वाजली, दूधवाला आला दारी,
चहा होण्याआधीच पेपरावर वसंतरावांची स्वारी.

यात पहिल्या ओळीचे काम फक्त ‘दारी’ हा शब्द कानात ठेवण्याचे आहे. नाव दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटाजवळ येते, आणि नाव संपता संपता यमक पडते, म्हणून हशा आणि नाव एकदमच ऐकू येतात. लाजणाऱ्या मुलीला हे फार सोयीचे. आता हेच नाव पुढे आणून पाहा: ‘वसंतरावांची स्वारी पेपरावर, चहा होण्याआधी’. अर्थ तोच, पण नाव आले आणि पुढे ओळ शिल्लक राहिली. यमकही गेले. ही झाली नुसती तक्रार, उखाणा नव्हे.

या उखाण्यात यमक नावावर नाही, ‘दारी’ आणि ‘स्वारी’वर आहे. म्हणून नाव बदलता येते. नवऱ्याचे नाव पुरुषोत्तम असेल तर ओळ लांबते आणि म्हणताना दम पुरत नाही. तेव्हा आधीचे शब्द कापायचे: ‘चहाआधी पेपरावर पुरुषोत्तमरावांची स्वारी’. राम असेल तर उलट ओळ तोकडी पडते. मग ‘आमच्या रामरावांची’ असे भरायचे. उखाण्याला वृत्ताची मात्रा मोजून लागत नाही. एका दमात, ओढूनताणून न म्हणता दोन्ही ओळी सारख्या भरल्या की झाले. कमी पडते का जास्त होते, हे मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही. मनातल्या मनात सगळेच उखाणे चांगले होतात.

दुसरा प्रकार कठीण. त्यात यमकच नावावर असते.

पावसाळा आला जवळ, शाकारणी केली घरभर,
शिडी धरून खाली उभे, हुकूम सोडतात श्रीधर.

हा उखाणा एकाच नावाचा. श्रीधर काढून वसंत घातले की सगळा कोसळतो. इथे ‘राव’ही नाही, पण ‘सोडतो’ न म्हणता ‘सोडतात’ म्हटले की आदर राहतो. जुन्या बायका हे किती सहज करीत! मराठीत आदर नावाला लावता येतो तसा क्रियापदालाही लावता येतो, हे त्यांना कोणी शाळेत शिकविले नव्हते. असा नावावर बेतलेला उखाणा कोणाकडून उसना घेता येत नाही. तो त्या मुलीसाठी, त्या नवऱ्याच्या नावावर, कोणीतरी बसून जुळवावा लागे. लग्न ठरल्यावर घरातली आत्या, मावशी किंवा आजी ते काम करी.

त्या जुळविणाऱ्या बाईपुढे मघाची बंदीही असे. वर सांगितलेल्या तुळशीरामांच्या घरी मुलगी द्यायची, तर पहिल्या ओळीत तुळस आणून चालणार नाही. आणि तुळस तर उखाण्यांची मोठी आवडती! मग पारिजात घ्या, निरांजन घ्या, चौरंग घ्या. सासरच्या माणसांची नावे आधी विचारून घ्यायची, त्यांतले शब्द बाजूला काढायचे आणि उरलेल्यांतून दोन ओळी बसवायच्या. मुलीने पहिल्याच दिवशी दारात सासऱ्यांचे नाव घेतले असे व्हायला नको.

मुलगी तरी केवढी असायची! १९२९ साली शारदा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा ठरले. त्याआधी आठ-दहा वर्षांच्या मुली बोहल्यावर चढत, आणि कायद्यानंतरही पुष्कळ चढल्या. त्या वयाची मुलगी स्वतः काय उखाणा करणार? पाठ केलेला म्हणायचा. माझी आजी चौदाव्या वर्षी सासरी आली. ती सांगे, की माहेरून निघताना तिला चार उखाणे पाठ करून दिले होते: एक दारातला, एक घास देतानाचा, एक विडा तोडतानाचा आणि एक राखीव. राखीव कशाला, तर आधी म्हटलेला पुन्हा म्हटलास तर हसतील म्हणून.

दारातला उखाणा सर्वांत अवघड. वरात घरी आली की उंबरठ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवतात. ते उजव्या पायाने लवंडून आत यायचे. पण त्याआधी नणंद दार अडवून उभी. नाव घे, मग आत. काही घरी नणंद त्याच वेळी ‘तुला मुलगी झाली तर माझ्या मुलाला देशील का’ असे वचनही मागून घेते. मुलगी दिवसभराची उपाशी, शालू जड, आणि समोर सगळे अनोळखी चेहरे. अशा वेळी पहिली ओळ बरोबर येते आणि दुसरीतले यमकच आठवत नाही. किंवा सगळे म्हटले जाते, पण नेमके नाव तेवढे ओठांतच राहते. मग ‘ऐकू आले नाही, ऐकू आले नाही’ असा गलका होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. आजी म्हणे, की तिने तीनदा म्हटला, आणि तिसऱ्या वेळी नाव इतके ओरडून घेतले की ओसरीवरचे पुरुष वळून पाहू लागले. नवऱ्याचे नाव तिने मोठ्याने घेतल्याची तिच्या आठवणीतली तीच एक वेळ. पुढे साठ वर्षे ‘हे’.

खेडोपाडी याच्या उलट प्रकार असतो, लांबलचक उखाण्याचा. त्यात बाई लाजत नाही. गावाच्या वेशीपासून निघते, वाडा, सोपा, माजघर, चूल, उतरंड, एकेक वस्तू सांगत जाते, ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लावते आणि पार शेवटी नाव घेते. नाव लांबवायचे हा जो उखाण्याचा गुण, तोच तिथे ताणून मोठा केला आहे. असे म्हणणारी बाई गावात एखादीच असते, आणि तिला आग्रह करावा लागत नाही.

नवऱ्याच्या उखाण्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. तो बहुधा मित्रांकडून शिकून आलेला असतो आणि बायकोच्या नावाला विभक्ती लावताना अडखळतो. सुधाचे म्हणावे की सुधेचे, यावर मांडवात वाद झालेला मी ऐकला आहे. उखाणा करायचा तर असा साधा करावा:

बाजारातून मेथी आणली, जुडी निघाली जून,
कुसुमने ती परत धाडली चार शब्द सुनावून.

पण या उखाण्यात एक गोष्ट दडलेली आहे. कुसुम हे नाव कोणाचे? बऱ्याच घरी लग्नात मुलीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहितो, आणि मग तेच नाव उखाण्यात घेतो. म्हणजे तिने त्याचे जन्माचे नाव चोरून घ्यायचे, आणि त्याने तिचे असे नाव घ्यायचे जे सकाळपर्यंत तिचे नव्हतेच. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. माहेरी त्या मनकर्णिका गोखले, घरची मनू. १८८० साली नारायण वामन टिळकांशी लग्न झाले आणि त्या लक्ष्मी झाल्या. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, ती १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने आली. त्या पुस्तकात नवऱ्याबद्दल त्या भांडतात, हसतात, सगळे मोकळेपणी सांगतात. पण त्याला म्हणतात ‘टिळक’. एवढ्या धीट बाईनेही लेखणीत आडनावच धरले, हे मला नेहमी विचार करण्यासारखे वाटते.

आता काळ पालटला. आपल्या सुना नवऱ्याला नावाने हाक मारतात, ‘अरे’ म्हणतात, आणि त्यात कोणाचे आयुष्य कमी झालेले दिसत नाही. बंदी गेली, तशी फटीची गरजही गेली. तरी उखाणा राहिला, पण त्याची घडण बदलली. उखाण्यांच्या छापील पुस्तकांत नावाच्या जागी टिंबे असतात. हल्ली फोनवर फिरतात त्यांतही रिकामी जागाच असते. दुसऱ्या ओळीत ‘अमक्याचे नाव घेते’ असे सरळ म्हणायचे आणि पुढे यमक जुळवायचे. माझ्या मते हे थोडे आळशीपणाचे आहे. नाव घेते असे सांगून नाव घेणे म्हणजे उत्तर सांगून कोडे घालणे. यमकही नेहमी शेपटावर, नावावर कधीच नाही. कारण टिंबांशी यमक कोण जुळविणार? पण गंमत अशी, की वर्षभर ‘ए रोहन’ म्हणणारी मुलगी माप ओलांडताना ‘रोहनराव’ म्हणते. सवयीचे नाव तिलाही त्या उंबरठ्यावर पुरेसे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र बदललेली नव्हती. नवरा गेला की उखाणा गेला. नवरा असताना नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते म्हणून घ्यायचे नाही. तो गेल्यावर तर ती भीती उरत नाही. मग तेव्हा तरी नाव मोकळेपणी घेता यायला हवे होते. झाले उलटे. हळदीकुंकवालाच बोलावणे नाही, तर नाव घे म्हणणार कोण? ज्या बाईने चाळीस वर्षे हे नाव सणासुदीलाच काय ते घेतले, तिच्याकडून तेही काढून घेतले. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे प्रकार गावात होऊ द्यायचे नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यासाठी परिपत्रक काढले. त्या ठरावात उखाण्याचा काही प्रश्न नव्हता. पण आपल्या मंडळात तो आला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सर्व सभासदांना बोलवायचे, नवरा असो वा नसो, असे ठरले तेव्हा बैठकीत थोडी कुजबुज झाली होती, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. दोघी-तिघी त्या वर्षी आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांच्यात आपल्या एक वयस्कर सभासद होत्या. वाण घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. नावे घेणे सुरू झाले, एकेकीची पाळी येत गेली, आणि त्यांच्याशी पोचल्यावर पुढचीने त्यांना वगळून आपलाच उखाणा सुरू केला. वाईट हेतूने नव्हे, सवयीने. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘थांब गं, माझं राहिलं.’ आणि त्यांनी नाव घेतले. उखाणा त्यांचाच, मी घरी येऊन लिहून ठेवला. त्यांच्या यजमानांचे खरे नाव इथे छापणे बरे नव्हे, म्हणून दुसरे घातले आहे. यमक नावावर नसल्यामुळे तसे करता आले.

चष्मा त्यांचा खणात आहे, काच पुसते अजून,
मुकुंदरावांचे नाव घेते, तशीच पुन्हा लाजून.

खोलीत कोणी बोलले नाही. मग मागून कुणीतरी, दारातल्या नणंदेच्या सुरात, म्हणाले, ‘ऐकू आलं नाही, ऐकू आलं नाही!’ आणि त्यांनी तो पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हटला.